दिवाळसणानंतरचं पत्र आणि त्यातली ‘कमी-जास्त’ची ओळ

दिवाळसण आटोपून लेक-जावई परतले, की मुलीच्या आईवडिलांनी व्याह्यांना चार ओळी पाठवायच्या, ही रीत अजून टिकून आहे. कार्डाच्या जागी मेसेज आला, एवढंच. वाद मजकुराच्या शेवटी येणाऱ्या एका ओळीवरून होतो: ‘काही कमी-जास्त झाले असल्यास सांभाळून घ्यावे.’ ती ठेवायची की गाळायची, यावरून दिवाळीनंतरच्या आठवड्यात घरोघरी मायलेकींत वाजतं.

जुन्या पत्रांचा सांगाडा ठरलेला होता. वर श्री, मग ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, म्हणजे कृ. सा. न. वि. वि., आणि शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’. 1879 साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं आणि हा मजकूर उघड्यावर आला. कार्ड पोस्टमन वाचणार, वाड्यातला जो हातात घेईल तो वाचणार. मला वाटतं, त्यामुळेच जावयाला काय दिलं हे कार्डावर कोणी लिहीत नसे. ते सूचकपणे ‘कमी-जास्त’मध्ये बसवलं जाई.

आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत साठच्या दशकातलं असं एक कार्ड आहे. त्यातला मजकूर, मुलीचं नाव वगळून: ‘चि. सौ. व जावईबापू काल दुपारच्या गाडीने निघाले. चार दिवस घर भरल्यासारखे वाटले. पहिल्या आंघोळीच्या पहाटे बंब नीट पेटला नाही, जावईबापूंना थंडीत ताटकळावे लागले. आमच्या ऐपतीप्रमाणे केले. काही कमी-जास्त झाले असल्यास पोटात घालावे.’ शेवटचं वाक्य कार्डाच्या कडेने, उभं लिहिलंय. जागा संपली होती, पण ते वाक्य गाळायची हिंमत झाली नव्हती.

या ओळीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र राहतात. एक पाहुणचाराची. बंब पेटला नाही, त्याबद्दल कोणताही यजमान दिलगिरी व्यक्त करेल. दुसरी देण्याघेण्याची. दिवाळसणाला जावयाला कपडे, अंगठी, क्वचित वाहनसुद्धा देण्याची पद्धत होती आणि ते मनासारखं नसलं की रुसवेफुगवे होत. ओळ यातली कोणती, हे आधीच्या वाक्यावरून कळतं. आधी ‘ऐपतीप्रमाणे’ आलं असेल, तर ती माफी बंबाची नाही, आहेराची आहे.

कायद्याचा विषय इथेच निघतो. 1961 च्या हुंडाबंदी कायद्यात लग्नानंतर दिलेल्या वस्तूही येऊ शकतात आणि 1984 च्या दुरुस्तीत ‘लग्नाचा मोबदला’ याऐवजी ‘लग्नाच्या संदर्भात’ असा व्यापक शब्द आला. पुढे 2001 मध्ये सर्वांत वरच्या न्यायालयाने स्पष्ट केलं, की बाळाच्या जन्मासारख्या प्रसंगी रूढीने दिलं जातं ते हुंड्यात मोडत नाही. तेव्हा दिवाळसणाचा आपखुशीचा आहेर आणि मागून घेतलेली गाडी यांत फरक आहे. पत्रातली ओळ मात्र दोन्हींना सारखीच लागू पडते, आणि माझी तक्रार तीच आहे. मागणी झाली होती की नाही, हे ती झाकून टाकते. शिवाय ती नेहमी एकाच बाजूने लिहिली गेली. मुलीचे आईवडील सासरी चार दिवस राहून आले, तर मुलाकडच्यांनी असं पत्र धाडल्याचं आमच्या पेटीत तरी एकही उदाहरण नाही.

पत्रातली दुसरी अडचण मुलीच्या उल्लेखाची. लग्नपत्रिकेतलं ‘चि. सौ. कां.’ म्हणजे सौभाग्यकांक्षिणी, सौभाग्याची इच्छा धरणारी. लग्नानंतर ‘कां.’ गळतं आणि उरतं ‘चि. सौ.’ दिवाळसणाच्या मेसेजमध्ये अजूनही ‘चि. सौ. कां.’ चिकटवलेलं दिसतं, ते चूक. त्याहून नाजूक बाब नावाची. तांदळावर लिहून ठेवलेलं सासरचं नाव व्याह्यांना लिहिताना वापरायचं असा दंडक होता. घरी जिला जन्मापासून एका नावाने हाक मारली, तिचा उल्लेख बापाने सहा महिन्यांत दुसऱ्याच नावाने करायचा. वरच्या कार्डावर सासरचं नाव आहे, पण त्याआधी दोन अक्षरं खोडलेली आहेत. आता नाव बदलण्याचीच पद्धत बरीच मागे पडली आहे, त्यामुळे हा पेच आपोआप सुटला.

अलीकडे लिहिण्याचं काम बहुधा आईकडे आलं आहे. वडिलांच्या सहीऐवजी दोघांची नावं येतात, मजकूर थेट विहीणबाईंना जातो आणि सोबत पाडव्याच्या ओवाळणीचे फोटो असतात. कमी-जास्तची ओळ गाळणारे तिच्या जागी घडलेला एखादा प्रसंग लिहितात. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका आईने लिहिलं, ‘जावईबापूंनी पहाटे उठून आमच्याबरोबर आकाशकंदिलाची वायर दुरुस्त केली.’ विहीणबाईंचं उत्तर पाच मिनिटांत आलं: ‘घरी एक बल्ब बदलत नाही.’