डेडलॉक सापडला, पण मारायचं कुणाला?

डेडलॉक म्हणजे काय ते बहुतेकांना ऐकून माहीत असतं. एकाने एक वस्तू धरलीय, त्याला दुसरी हवीय, दुसरी ज्याच्याकडे आहे त्याला पहिली हवीय, कुणीच सोडत नाही आणि सगळे बसून राहतात. १९७१ साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी डेडलॉक व्हायला कुठल्या चार अटी लागतात ते मांडलं, आणि इंजिनिअरिंगची पोरं परीक्षेत आजही तेच लिहितात. पण डेडलॉक झाल्यावर तो सापडतो कसा, आणि सापडल्यावर बळी कोण ठरवतं, यावर फारसं कुणी बोलत नाही. मजा तिथेच आहे.

आधी एक सांगून टाकतो. तुमच्या लॅपटॉपवरचं लिनक्स किंवा विंडोज साध्या प्रोग्रॅमांमधले डेडलॉक शोधत बसत नाही, प्रोग्रॅम हँग झाला की तुम्हीच बंद करायचा. कारण शोधला तरी पुढे काय? चालता प्रोसेस मारला तर त्याने अर्धवट लिहिलेली फाईल अर्धवटच राहणार. डेटाबेसचं तसं नाही, तिथे अर्धवट ट्रान्झॅक्शन मागे फिरवायची, म्हणजे रोलबॅक करायची सोय आधीपासूनच असते, त्यामुळे एकाला मारून बाकीच्यांना मोकळं करणं परवडतं. म्हणून आपण डेटाबेसमधलंच उदाहरण घेऊ.

समजा किराणा मालाच्या होलसेलरचं सॉफ्टवेअर आहे आणि मालाच्या टेबलमध्ये प्रत्येक वस्तूची एक ओळ आहे. एका वेळी चार ट्रान्झॅक्शन चालू आहेत. पहिलं चहा-तेल सोडून बाकी सगळ्या मालाचे भाव बदलतंय, त्याला भावबदल म्हणू. त्याच्या आतापर्यंत ४०,००० ओळी बदलून झाल्यात, त्यात तूरडाळ पण आली, आणि आता त्याला साखरेची ओळ हवीय. ऑर्डर अ ने साखर धरलीय, तिला चहा हवाय. ऑर्डर ब ने चहा आणि तेल दोन्ही धरलंय आणि तिला तूरडाळ हवीय. ऑर्डर क ने काहीच धरलेलं नाही, ती नुसती तेलासाठी थांबलीय.

वेट-फॉर ग्राफ म्हणजे हेच चित्र, फक्त त्यातून वस्तू काढून टाकायच्या. प्रत्येक ट्रान्झॅक्शनचा एक ठिपका, आणि जो थांबलाय त्याच्याकडून ज्याच्यामुळे थांबलाय त्याच्याकडे एक बाण.

```
भावबदल → ऑर्डर अ   (साखर)
ऑर्डर अ → ऑर्डर ब   (चहा)
ऑर्डर ब → भावबदल   (तूरडाळ)
ऑर्डर क → ऑर्डर ब   (तेल)
```

आता कुठल्याही ठिपक्यापासून निघा आणि बाणामागून चालत राहा. बाणच नसलेल्या ठिपक्याला पोचलात तर तो माणूस काम करतोय, तो आज ना उद्या मोकळा करेल, टेन्शन नाही. पण याच फेरीत आधी भेटलेला ठिपका परत भेटला तर चक्र सापडलं, आणि चक्र म्हणजे डेडलॉक. भावबदलपासून निघालो तर अ, मग ब, मग पुन्हा भावबदल, झालं. खऱ्या डेटाबेसमध्ये एकाला पाच जणांनी अडवलेलं असू शकतं (पाच जणांनी तीच ओळ वाचण्यासाठी लॉक केलीय आणि याला ती लिहायचीय), मग बाण फुटतात आणि प्रत्येक फांदी शेवटपर्यंत जाऊन परत यावं लागतं, पण तरी प्रत्येक ठिपका आणि बाण एकदाच तपासला की काम भागतं.

ऑर्डर क कडे नीट बघा. ती पण अडकलीय, स्क्रीनवर तिचंही गोल गोल फिरतंय, कदाचित दुकानदाराचा पहिला फोन तिच्याबद्दलच येईल. पण ती चक्रात नाही, चक्राच्या शेपटीला आहे. तिला मारलं तर बाकी तिघं होते तिथेच. सगळ्यात जास्त वेळ कोण थांबलंय ते बघून त्याला उडवायचं, ही हाताने डेडलॉक सोडवताना लोक नेहमी करतात ती गोष्ट म्हणूनच फसते.

बरं, चक्र सापडलं, ते तोडायला तिघांतला एक पुरे. पण कुठला?

मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन जमेल तितकं लहान ट्रान्झॅक्शन उडवतं, आणि लहान म्हणजे ज्याने कमी ओळी टाकल्या, बदलल्या किंवा पुसल्या ते. यामागे हिशोब आहे. इनोडीबीत रोलबॅक म्हणजे प्रत्येक बदललेल्या ओळीची जुनी प्रत शोधून ती परत जागेवर बसवायची, ४०,००० ओळी असतील तर ४०,००० वेळा, आणि ते होईपर्यंत लॉक सुटत नाहीत. त्यामुळे भावबदल वाचणार. अ ने एक ओळ बदललीय, ब ने दोन, म्हणजे बळी अ चा. अ ला `ERROR 1213` मिळतो, साखर सुटते, भावबदल पुढे सरकतं.

हिशोब बरोबर आहे, पण मला विचाराल तर इथे ब ला मारणं जास्त शहाणपणाचं होतं. अ गेल्यावर साखर भावबदलला मिळाली, पण ब अजून तूरडाळीसाठी थांबलेलीच आहे आणि तिच्यामागे क पण. भावबदलच्या हजारो ओळी शिल्लक असतील तर ते सगळं संपेपर्यंत दोघी ताटकळणार. त्याऐवजी ब गेली असती तर चहा आणि तेल एकदम सुटलं असतं, अ आणि क लगेच उरकल्या असत्या, अ संपल्यावर साखरही सुटली असती आणि भावबदल निघालं असतं. खर्च किती जास्त, तर एक ओळ. म्हणजे मागे किती फिरवावं लागेल हा एक प्रश्न आणि याला काढल्याने किती जण सुटतील हा दुसरा, आणि दोन्हीची उत्तरं वेगळी येऊ शकतात. त्यात अनेक चक्रं एकमेकांत गुंतली असतील तर सगळ्यात स्वस्तात सगळी तोडणारे बळी शोधणं हे गणित म्हणून इतकं अवघड आहे (कार्प यांनी १९७२ मध्ये ज्या २१ कुप्रसिद्ध अवघड प्रश्नांची यादी दिली त्यातलंच हे एक) की अचूक उत्तराच्या मागे न लागता एक चक्र सापडलं की एक बळी घ्यायचा, आणि उरलेलं नंतर बघायचं, असाच व्यवहार चालतो.

पोस्टग्रेसचा स्वभाव एकदम वेगळा. तिथे बळी निवडतच नाहीत म्हटलं तरी चालेल. थांबलेला प्रत्येक प्रोसेस स्वतःचं घड्याळ लावतो, `deadlock_timeout` नावाचं, डिफॉल्ट १ सेकंद. सेकंद भरला तरी लॉक मिळाला नाही की तो स्वतः ग्राफ तपासतो आणि आपण चक्रात आहोत असं दिसलं तर स्वतःच मरतो. सेकंदभर थांबायचं कारण असं की बहुतेक वाट बघणं काही मिलिसेकंदात आपोआप संपतं, आणि तपासणी फुकट नाही, तेवढ्या वेळापुरतं अख्खं लॉकचं टेबल गोठवावं लागतं.

आता आपल्या उदाहरणात ऑर्डर अ दहा सेकंदांपासून थांबलीय आणि ब सात सेकंदांपासून. दोघींनी आपापला सेकंद भरल्यावर तपासलं तेव्हा चक्र नव्हतं, कारण भावबदल तेव्हा मजेत चालू होतं, आणि एका वाट बघण्यात तपासणी एकदाच होते. मग भावबदलने साखर मागितली आणि चक्र पूर्ण झालं. त्यानंतर एका सेकंदाने तपासणार कोण? भावबदल. आणि मरणार पण तेच, ४०,००० ओळींसकट. लॉगमध्ये हे असं दिसतं:

```
ERROR:  deadlock detected
DETAIL:  Process 4121 waits for ShareLock on transaction 907; blocked by process 4135.
Process 4135 waits for ShareLock on transaction 908; blocked by process 4140.
Process 4140 waits for ShareLock on transaction 905; blocked by process 4121.
```

हा मजकूर म्हणजे शब्दांत लिहिलेला वेट-फॉर ग्राफच आहे. एकेक ओळ म्हणजे एकेक बाण, 4121 पासून निघून 4121 लाच परत, आणि पहिल्या ओळीतला जो आहे तोच तपासणारा, म्हणजे मेलेला. ऑर्डर क यात कुठेच नाही, कारण ती चक्रात नव्हती.

ऐकायला क्रूर वाटतं पण पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक स्वस्त आहे. ते ओळ जागेवर बदलत नाही, नवी प्रत लिहितं, त्यामुळे हे ट्रान्झॅक्शन रद्द एवढी नोंद केली की झालं, मेलेल्या प्रती नंतर `VACUUM` साफ करतं. फुकट गेली ती आधी घेतलेली मेहनत, ते काम पुन्हा करावं लागणारच. एसक्यूएल सर्व्हर या बाबतीत मधला मार्ग काढतो, तो एरवी मागे फिरवायला स्वस्त पडेल त्याला मारतो, पण `SET DEADLOCK_PRIORITY` ने तुम्ही उणे १० ते १० मधला आकडा देऊन आधीच सांगू शकता की मला शक्यतो हात लावू नका, किंवा मेलो तरी हरकत नाही.

बळी निवडण्यात अजून एक गोची आहे, उपासमार. लहान असेल त्याला मारायचं हा नियम पक्का असेल तर उडवलेली छोटी ऑर्डर पुन्हा येते, पुन्हा छोटीच असते, पुन्हा अडकली तर पुन्हा तीच मरते. पुस्तकी उपाय सोपा आहे, आधी किती वेळा मेलाय तो आकडा खर्चात धरायचा. पण ॲप्लिकेशनने पुन्हा पाठवलेलं ट्रान्झॅक्शन डेटाबेसच्या लेखी एकदम नवं असतं, मागचा जन्म त्याला माहीत नसतो. त्यामुळे रिट्राय लिहिताना दर वेळी थोडं जास्त आणि थोडं रँडम थांबायचं, आणि एसक्यूएल सर्व्हर असेल तर दुसऱ्या खेपेला प्रायॉरिटी वाढवायची, हे काम आपल्याच गळ्यात येतं. शिवाय ऑर्डरमधल्या वस्तू आधी आयडीप्रमाणे लावून मग त्याच क्रमाने लॉक घेतले, आणि भावबदलनेही तोच क्रम पाळला, तर आपलं हे चक्र झालंच नसतं.

आणि ग्राफला न दिसणारे बाणही असतात. समजा एका थ्रेडने साखरेची ओळ धरलीय आणि तो ॲप्लिकेशनच्या मेमरीतल्या एखाद्या म्युटेक्ससाठी, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणाऱ्या कुलपासाठी थांबलाय, तो म्युटेक्स ज्याच्याकडे आहे तो दुसरा थ्रेड साखरेच्या ओळीसाठी थांबलाय. चक्र पूर्ण आहे, पण डेटाबेसला एकच बाण दिसतो आणि त्याच्या दृष्टीने पहिला थ्रेड नुसता सावकाश काम करतोय. लॉगमध्ये deadlock शब्दही येत नाही. इथे फक्त टाइमआउट वाचवतो, इनोडीबीत `innodb_lock_wait_timeout` डिफॉल्ट ५० सेकंद आहे, पोस्टग्रेसचा `lock_timeout` मात्र डिफॉल्ट शून्य, म्हणजे कितीही वेळ थांबा. इनोडीबीवाल्यांनीही निर्धास्त होऊ नये. ५० सेकंद भरल्यावर ते डिफॉल्टने फक्त तेवढी एक क्वेरी मागे घेतं, अख्खं ट्रान्झॅक्शन नाही, त्यामुळे त्याने आधी धरलेल्या ओळी तशाच लॉक राहतात. तो एरर गिळून कोड पुढे चालत राहिला आणि `ROLLBACK` म्हणालाच नाही, तर त्याच्यामागे थांबलेल्यांची रांग जशीच्या तशी.