धातूची डेटाशीट : ताणबल, कठिनता व चिवटपणा यांची तुलना

यंत्रभागासाठी धातू निवडताना पोलाद कारखाना किंवा विक्रेता जे माहितीपत्रक देतो त्याला कारखानदारीत डेटाशीट म्हणतात. मालासोबत येणारे टेस्ट सर्टिफिकेट (बोलीभाषेत टीसी) हा वेगळा कागद आहे. डेटाशीट त्या प्रतीच्या पोलादाबद्दल सर्वसाधारण माहिती देते, तर टीसी हातात आलेल्या हीट क्रमांकाच्या, म्हणजे एकाच वितळणीच्या, मालाबद्दल. डेटाशीटवरील आकड्यापुढे ‘किमान’ आहे की ‘नमुनादाखल’, हे आधी पाहावे लागते. नमुनादाखल आकडा म्हणजे बहुधा सरासरी तुकड्यांचा आकडा; त्यावर आकडेमोड केली तर निम्मा माल कमी भरू शकतो.

मराठीत ‘कडक’ हा एकच शब्द तिन्ही गुणांसाठी वापरला जातो आणि बराच गोंधळ तेथूनच सुरू होतो. ताणबल म्हणजे ओढून तुटेपर्यंत पट्टीने सोसलेला सर्वोच्च ताण. कठिनता म्हणजे पृष्ठभागात दुसरी वस्तू रुतू देण्यास असलेला विरोध. चिवटपणा म्हणजे तुटण्याआधी शोषून घेतलेली ऊर्जा. डेटाशीटवर तो बहुधा खाच पाडलेल्या नमुन्यावर हातोड्याचा फटका मारून मोजलेला असतो. साध्या आणि मिश्र पोलादांत पहिले दोन गुण जवळजवळ एकाच गोष्टीची दोन मापे आहेत. तिसरा मात्र स्वतंत्र आहे, आणि डेटाशीटवर बऱ्याचदा तोच सापडत नाही.

पहिल्या दोघांचे नाते पडताळणे सोपे आहे. गोळी दाबून मोजलेल्या ब्रिनेल कठिनतेला सुमारे ३.४५ ने गुणले की पोलादाचे ताणबल मेगापास्कलमध्ये ढोबळपणे मिळते. ईएन २४ या निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या ‘टी’ या उष्णता-प्रक्रियेच्या अवस्थेसाठी ब्रिटिश मानक ८५० ते १००० मेगापास्कल ताणबल आणि २४८ ते ३०२ ब्रिनेल कठिनता देते. २४८ ला ३.४५ ने गुणल्यास ८५६ येतात व ३०२ ला गुणल्यास १०४२. म्हणजे दोन्ही रकान्यांनी एकच साक्ष दिली. एखाद्या कागदावर ताणबल ९५० आणि ब्रिनेल २०० असे दिसले, तर एक आकडा चुकीचा आहे किंवा दोन वेगळ्या अवस्थांचे आकडे एका ओळीत बसवले आहेत असे धरून विक्रेत्याला विचारावे. ओतीव लोखंडाला व ॲल्युमिनियमला हा गुणक लावू नये.

ईएन क्रमांक आणि अवस्थेची अक्षरे : ही अक्षरे कोठून आली हे कळले की डेटाशीट निम्मी वाचून होते. ईएन मालिका बीएस ९७० या ब्रिटिश मानकात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आली. ‘ईएन’ म्हणजे ‘इमर्जन्सी नंबर’ असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि तो काळ पाहता ते पटण्याजोगे आहे. ‘युरोपियन नॉर्म’ हा अर्थ मात्र येथे लागू नाही. आजच्या युरोपीय मानकांच्या क्रमांकांतही तीच दोन अक्षरे येतात, म्हणून नव्या वाचकाची गफलत होते. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये ही नावे बदलून ईएन ८ साठी ०८०एम४० व ईएन २४ साठी ८१७एम४० अशी नावे आली. पुणे, कोल्हापूर व इचलकरंजी येथील कारखान्यांत जुनीच नावे चालतात, त्यामुळे दोन्ही माहीत असावी लागतात.

नावाला जोडलेले अक्षर पाणी देऊन व टेम्पर करून, म्हणजे पुन्हा मध्यम तापवून, आणलेले बळ सांगते. त्याचा पाया मेट्रिक नसून टन प्रति चौरस इंच आहे : आर म्हणजे ४५ टन, टी म्हणजे ५५, यू म्हणजे ६० आणि झेड म्हणजे १००. एक टन प्रति चौरस इंच म्हणजे सुमारे १५.४४ मेगापास्कल. त्यामुळे ५५ टनांचे ८४९ होतात आणि तेच मानकात पूर्णांक करून ८५० लिहिले गेले. जुन्या ड्रॉइंगवर ‘५५ टन’ एवढेच लिहिलेले दिसले, तर वाचकाने हीच वाट धरावी.

एकच पोलाद अवस्था बदलताच कसे बदलते, हे ईएन २४ मध्ये स्वच्छ दिसते. टी अवस्थेत ताणबल किमान ८५०, तर आयझॉड या फटक्याच्या चाचणीतील आघात-ऊर्जा सुमारे ५४ जूल. झेड अवस्थेत ताणबल किमान १५५० आणि ब्रिनेल किमान ४४४, पण आघात-ऊर्जा १० जूलच्या आसपास. बळ पावणेदोनपटींहून अधिक वाढले आणि चिवटपणा पाचवा हिस्सा उरला. रासायनिक घटकांचा रकाना दोन्हीकडे तोच असल्यामुळे घटकांवरून चिवटपणा सांगता येत नाही.

चिवटपणाची चाचणी : लंबक-हातोड्याने खाच पाडलेला तुकडा तोडण्याची पद्धत फ्रेंच अभियंता जॉर्ज शार्पी यांच्या नावाने चालते. भारतात तिचा उच्चार ‘चार्पी’ असा रूढ आहे. तिचे जनकत्व मात्र वादाचे आहे. अमेरिकेत एस. बी. रसेल यांनी १८९८ मध्ये लंबकाने तुकडा तोडून शोषलेली ऊर्जा मोजण्याचे यंत्र वर्णिले होते. शार्पी यांचे काम १९०१ चे. यंत्राची कल्पना रसेल यांची, पण चाचणीला एकसारखे व पुन्हा करता येईल असे रूप शार्पी यांनी दिले, ही मांडणी अधिक न्याय्य वाटते. इंग्रज अभियंता एडविन गिल्बर्ट आयझॉड यांची उभ्या नमुन्याची पद्धत १९०३ ची आहे. चार्पीत तुकडा दोन टोकांवर आडवा टेकतो व हातोडा खाचेच्या पाठीमागे बसतो. आयझॉडमध्ये तुकडा शिकंजात उभा असतो आणि हातोडा खाचेच्या बाजूनेच बसतो. दोन्हींचे जूल एकमेकांशी तोलू नयेत. गफलत होते ती येथे, कारण कागदावर दोन्ही रकान्यांवर फक्त ‘इम्पॅक्ट’ एवढेच लिहिलेले असू शकते.

प्रमाणित चार्पी नमुना १० × १० × ५५ मिमी असून त्यात २ मिमी खोल व्ही-खाच असते. खाचेखाली ८ × १० मिमी, म्हणजे ०.८ चौरस सेंटिमीटर धातू उरतो. काही कागदांवर ऊर्जा ‘जूल प्रति चौरस सेंटिमीटर’ अशी देतात. २८ जूलचा तुकडा तेथे ३५ होऊन दिसतो आणि सरस वाटतो. यू-खाचेचा आकडाही व्ही-खाचेपेक्षा चढा येतो. म्हणून खाचेचा प्रकार, एकक आणि तपमान ही तीन उत्तरे मिळेपर्यंत आकड्यांची तुलना करू नये.

तपमानाचा प्रश्न फारसा जुना नाही. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे ‘स्कनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना दुभंगले. युद्धकाळात वेल्ड केलेल्या अनेक जहाजांना तडे गेले. वेल्डमधील दोष आणि रचनेतील तीक्ष्ण कोपरेही कारणीभूत होते, पण त्या जहाजांच्या पत्र्यांवर पुढे झालेल्या अभ्यासात एक गोष्ट ठळक झाली. ताणचाचणीत ठीक ठरलेले पोलाद थंडीत खाचेपाशी काचेसारखे फुटत होते. ज्या पत्र्यात चीर सुरू झाली त्यांची त्या तपमानाला चार्पी ऊर्जा बहुधा १५ फूट-पौंड, म्हणजे सुमारे २० जूल, यांहून कमी होती.

तुटलेला नमुना हातात घेऊन पाहिला तरी पुष्कळ कळते. चिवट पोलादाचा तुटलेला पृष्ठभाग राखाडी, मळकट आणि तंतूंसारखा दिसतो. कडांना कातरलेले ओठ उमटतात व तुकडा बाजूला फुगतो. ठिसूळ पोलादाच्या तुटलेल्या पृष्ठभागावर प्रकाशात चमचमणारे साखरेसारखे दाणे दिसतात, कडा सरळ असतात आणि दोन तुकडे पुन्हा तंतोतंत जुळतात.

कठिनतामापकाने न सापडणारा दोषही येथेच उघडा पडतो. पाणी दिलेले मिश्र पोलाद साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअस या पट्ट्यात टेम्पर केले, तर चिवटपणा खड्ड्यात जातो, पण कठिनता तेवढ्या टेम्परिंगला साजेशीच येते. रॉकवेलचा आकडा ड्रॉइंगप्रमाणे आणि भाग मात्र ठिसूळ, अशी स्थिती होते.

एक उदाहरण : उसाच्या गव्हाणीच्या यंत्रणेत ८० मिमी व्यासाची एक पिन आहे असे धरू. टेकूंमधील अंतर २०० मिमी आणि मधोमध २०० किलोन्यूटन भार. वाकवणारे आघूर्ण १ कोटी न्यूटन-मिमी येते. ८० मिमी गोल सळईचा छेद-गुणांक सुमारे ५०,२६५ घन मिमी आहे, म्हणून ताण १९९ मेगापास्कल. मोळी अडकून धक्का बसतो, म्हणून दुप्पट धरल्यास ३९८.

आता डेटाशीट घ्यावी. ईएन ८ च्या पानावर ‘आर’ अवस्थेत ७०० ते ८५० मेगापास्कल ताणबल आणि ४६५ यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो तो ताण, दिसते आणि काम होईल असे वाटते. पण त्याच ओळीत जाडीचा रकाना आहे, आणि आर अवस्था १९ मिमीपर्यंतच लागू आहे. साध्या कार्बन पोलादाला जाड छेदात पाणी आतवर लागत नाही. ८० मिमीला मानकाप्रमाणे नॉर्मलाइज, म्हणजे तापवून हवेत थंड केलेली, अवस्थाच उरते : ताणबल किमान ५५०, यील्ड किमान २८०. धक्क्याच्या ३९८ पुढे ही पिन कायमची वाकेल. ईएन २४ टी १५० मिमीपर्यंत सुमारे ६८० यील्ड देते, म्हणजे १.७ पट राखीव. झेडचे १५५० कितीही भुरळ घालोत, ती अवस्था २९ मिमीपर्यंतच आहे आणि तिची १० जूल ऊर्जा धक्क्याच्या जागी चालणारही नाही.

झीज उरते. टी अवस्थेचे २४८ ते ३०२ ब्रिनेल म्हणजे सुमारे २४ ते ३२ रॉकवेल सी. बुशात घासणाऱ्या भागाला ते कमी पडते. तेवढाच पट्टा इंडक्शनने, म्हणजे विद्युत-प्रेरणेने तापवून, ५० ते ५५ रॉकवेल सी पर्यंत कडक करावा व गाभा टी अवस्थेतच ठेवावा. येथे कठिनता पृष्ठभागावर व चिवटपणा आत, अशी वाटणी होते. कडक पट्टा पिनेचा व्यास बदलणाऱ्या खांद्याजवळ संपू देऊ नये. तेथेच चिरेला आसरा मिळतो.

याच पिनेची तक्रार ‘वाकते’ एवढीच असेल, म्हणजे भार काढल्यावर ती पुन्हा सरळ होत असेल, तर पोलाद बदलून काहीही हाती लागत नाही. प्रत्यास्थतेचा गुणांक साध्या आणि मिश्र पोलादांत सुमारे २०५ ते २१० गिगापास्कल असतो. तेथे व्यास वाढवावा किंवा टेकू जवळ आणावेत.

ताणबलाचा आकडा सूत्रात घालता येतो, चार्पीचा घालता येत नाही. तो केवळ एका पोलादाची दुसऱ्याशी तुलना करण्यापुरता आहे. शिवाय नमुना बहुधा सळईच्या लांबीच्या दिशेने कापतात. आडव्या दिशेला आकडा बराच खाली येतो. भारतात ताणचाचणी आयएस १६०८ व चार्पी आयएस १७५७ प्रमाणे होते. खरेदीच्या ऑर्डरवर अवस्थेचे अक्षर, सळईचा व्यास आणि आघातचाचणीचे तपमान लिहिले नाही, तर टीसीवर फक्त घटक आणि कठिनता येते.

ॲल्युमिनियमच्या व पितळेच्या डेटाशीटवर आघात-ऊर्जेचा रकाना सहसा नसतो, कारण पोलादासारखी थंडीत एकाएकी ठिसूळ होण्याची सवय त्यांना नाही. करड्या ओतीव लोखंडाचा चिवटपणा इतका कमी असतो की त्याच्या प्रती ताणबलावरूनच ठरतात.