अचूक २५ मिलिमीटरचा शाफ्ट नापास का होतो?

लेथवर नव्याने शिकणारा मुलगा ड्रॉइंगवर २५ हा आकडा वाचतो, अर्धा दिवस खपून मायक्रोमीटरवर बरोबर २५.००० आणतो आणि तपासणीत तो शाफ्ट नापास झाला की गोंधळून जातो. असे मी अनेकदा पाहिले आहे. यात मुलाचा हात चुकलेला नसतो. त्याने व्यासाचा आकडा वाचलेला असतो, पण त्याला चिकटून असलेले लहान अक्षर वाचलेले नसते.

उदाहरणादाखल ६२०५ क्रमांकाच्या बॉल बेअरिंगचा शाफ्ट घेऊ. ड्रॉइंगवर Ø25 k6 असे लिहिलेले असते. त्यातले k हे मापाचा पट्टा २५ च्या कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर आहे ते सांगते, तर ६ हा आकडा त्या पट्ट्याची रुंदी सांगतो. तक्त्यात पाहिले तर या व्यासासाठी k6 म्हणजे किमान २५.००२ आणि कमाल २५.०१५ मिलिमीटर. म्हणजे सगळा पट्टा अवघा १३ मायक्रॉनचा, आणि २५.००० हे माप त्यात बसतच नाही.

असे का, याचे उत्तर बेअरिंगमध्ये आहे. साधारण दर्जाच्या या बेअरिंगचे भोक २४.९९० ते २५.००० च्या दरम्यान असते. शाफ्ट भोकापेक्षा किंचित मोठा असल्यामुळे आतली रिंग त्याला घट्ट आवळून बसते. शाफ्टवरच्या बेल्टचा ताण सतत एकाच दिशेने असताना शाफ्ट फिरत असेल आणि ही पकड नसेल, तर रिंग शाफ्टवर हळूहळू सरकू लागते. बेअरिंग काढल्यावर बैठकीवर तांबूस भुकटी आणि घासल्याच्या खुणा दिसल्या, तर बहुधा हेच घडलेले असते.

त्याच ड्रॉइंगवर ४० मिलिमीटर लांबीपुढे काहीच लिहिलेले नसेल, तर खालच्या चौकटीतली ISO 2768-m ही नोंद पाहावी. त्यानुसार त्या लांबीला ०.३ मिलिमीटर कमी-जास्त चालते. तिथे मायक्रॉनसाठी वेळ घालवू नये.

आता बैठकीच्या रेषेवर टेकलेली, बरोबरच्या खुणेसारखी दिसणारी खूण पाहू. तिच्यावर आडवी रेघ असेल तर तो पृष्ठभाग कापूनच तयार करायचा असतो, आणि शेजारच्या Ra 0.8 चा अर्थ खडबडीतपणाची सरासरी ०.८ मायक्रॉनपेक्षा जास्त नको. पुष्कळ जण ही खूण दिखाऊपणाची समजतात. प्रत्यक्षात तिच्याविना वरचा १३ मायक्रॉनचा पट्टा निरर्थक ठरतो, आणि मला या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते.

लेथचे टूल एका फेऱ्यात जितके पुढे सरकते, म्हणजे जितका फीड असतो, तितक्या अंतरावर ते शाफ्टवर चर पाडत जाते, आणि दोन चरांमध्ये बारीक शिखर उरते. शिखराची उंची काढायला फीडचा वर्ग करून त्याला टूलच्या टोकाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागायचे. फीड ०.२ आणि त्रिज्या ०.४ मिलिमीटर असेल, तर ०.०४ भागिले ३.२ म्हणजे ०.०१२५ मिलिमीटर, अर्थात १२.५ मायक्रॉन. शिखरे शाफ्टच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे व्यासात फरक २५ मायक्रॉनचा पडतो, म्हणजे आपल्या सबंध पट्ट्याच्या जवळजवळ दुप्पट! मायक्रोमीटर मात्र शिखरांवरच टेकतो आणि २५.०१० दाखवतो. बेअरिंग दाबून बसवताना ती शिखरे चेपली जातात, आणि कागदावरची पकड प्रत्यक्षात उरत नाही.

फीड निम्मा, म्हणजे ०.१ केला की शिखराची उंची एकदम चौथाईवर, सुमारे ३ मायक्रॉनवर येते, आणि सरासरीने Ra ०.८ च्या आसपास पोहोचते. अर्थात हा हिशेब आदर्श स्थितीचा आहे. टूल झिजले असेल, जॉब थरथरत असेल किंवा टूलच्या धारेवर धातू चिकटत असेल, तर पृष्ठभाग याहून खराब येतो. म्हणूनच अशा बैठका पुष्कळदा शेवटी ग्राइंडिंगला पाठवतात.

पॉलिश पेपर मारून शाफ्ट चकाकला की फिनिश आला, ही कारखान्यांत घट्ट रुजलेली समजूत मात्र खोटी आहे. शिखरांचे माथे चमकतात, चर तसेच राहतात, आणि हाताच्या दाबाप्रमाणे गोलाई बिघडते ती वेगळीच. खरे उत्तर रफनेस टेस्टरची सुई देते. तो नसेल, तर नमुना-पट्टीशेजारी जॉब धरून दोन्हींवरून नख फिरवून पाहावे.

शेवटी मोजण्याविषयी. ड्रॉइंगवरची मापे २० अंश सेल्सिअस तापमानाची असतात. दालनाची हवा ३५ अंश असली तरी पोलादी शाफ्ट आणि मायक्रोमीटर सारखेच तापलेले असतील, तर फारसे बिघडत नाही. पण नुकताच कापलेला शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा ३० अंशांनी गरम असेल, तर २५ मिलिमीटरचा व्यास ८ ते ९ मायक्रॉनांनी फुगलेला असतो. त्या वेळी समाधानाने वाचलेले २५.०१० हे माप, शाफ्ट थंड झाल्यावर २५.००१ भरते, आणि किमान मर्यादा तर २५.००२ आहे.