टोपी काढणे (छायाचित्र संस्करण)

व्यक्तिचित्रातील टोपी, हॅट किंवा फेटा पुसून त्याखाली झाकलेले कपाळ व केस नव्याने रंगवण्याच्या रिटचिंगच्या कामाला स्टुडिओच्या बोलीत ‘टोपी काढणे’ म्हणतात. झाकलेल्या भागाची कोणतीही नोंद छायाचित्रात नसते. त्यामुळे येथे काही परत मिळवायचे नसून उरलेल्या खुणांवरून अंदाज बांधायचा असतो. महाराष्ट्रात हे काम बहुधा जुन्या पिढीतील पुरुषांच्या फोटोंसाठी निघते, कारण घरी आजोबांचा एकच फोटो असतो आणि त्यात डोक्यावर पांढरी गांधी टोपी असते.

फिल्मच्या काळात हे काम फार कष्टाचे होते. पांढरी टोपी निगेटिव्हवर काळी, म्हणजे चांदीचा दाट थर होऊन उमटते. तेथे काळे केस हवे असतील तर हा थर धारदार सुरीने खरवडून किंवा रसायनाने पातळ करावा लागे, आणि हात घसरला की मूळ निगेटिव्हच वाया जाई. म्हणून मोठ्या प्रिंटवर ब्रशने किंवा एअरब्रशने केस रंगवून त्या प्रिंटचा पुन्हा फोटो घेणे अधिक सुरक्षित असे. आता हेच काम फोटोशॉपसारख्या प्रणालीत वेगळ्या लेयरवर होते व मूळ चित्राला धक्का लागत नाही.

नवशिका आधी केसांकडे वळतो, पण सुरुवात कवटीपासून करावी लागते. प्रौढ माणसाच्या समोरून काढलेल्या चित्रात डोळ्यांची रेषा हनुवटी आणि टाळू यांच्या साधारण मध्यावर येते. तसेच हनुवटी ते नाकाचा तळ, तेथून भुवया आणि भुवयांपासून केसांची सुरुवात ही तीन अंतरे जवळजवळ सारखी असतात. उदाहरणार्थ, ४ × ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला आणि हनुवटीपासून डोळ्यांच्या रेषेपर्यंत ६०० पिक्सेल भरले, तर टाळू त्या रेषेच्या वर आणखी ६०० पिक्सेलवर येईल. भुवयांपासून नाकाच्या तळापर्यंत ३४० पिक्सेल असतील तर केसांची सुरुवात भुवयांच्या ३४० पिक्सेल वर धरावी. टोपीची खालची कड भुवयांच्या २३० पिक्सेल वर असल्यास टोपीखाली ११० पिक्सेलची, म्हणजे प्रत्यक्ष डोक्यावर सुमारे २ सेंमीची कपाळाची पट्टी दडलेली आहे, आणि तेथे केस नव्हे तर कातडी रंगवायची आहे. ही पट्टी विसरली की माणसाचे कपाळ बुटके होते आणि घरचे लोक ‘हे आमचे वाटत नाहीत’ म्हणतात. चूक कोठे आहे हे मात्र त्यांना सांगता येत नाही. मान खाली किंवा वर कललेली असेल तर ही मापे लागू पडत नाहीत.

कवटीच्या रेषेवर बारीक कापलेल्या केसांसाठी आणखी सुमारे १ सेंमी, येथे पन्नासेक पिक्सेल जाडी धरतात. गांधी टोपीचे टोक सहसा याहून वर जाते, म्हणून टोपी पुसल्यावर उरणाऱ्या जागेत मागचा पडदा भरून घ्यावा लागतो. टोपीच्या कडेची सावली कपाळावर असते तीही उजळावी लागते, नाही तर टोपी गेली तरी तिचा पट्टा दिसत राहतो.

केसांचा खरा पुरावा कानाजवळचे कल्ले आणि मानेवरचे केस देतात. रंग, पिकण्याचे प्रमाण, जाडी आणि कुरळेपणा तेथून घेतात. त्याच माणसाचा उघड्या डोक्याचा, प्रकाशाची दिशा जुळणारा दुसरा फोटो मिळाला तर त्यातील केस बसवणे सर्वांत चांगले. नाकाची सावली कोणत्या बाजूला पडली आहे ते पाहून प्रकाश ठरवतात व केसांवरची चकाकी त्याच बाजूला ठेवतात. असा फोटो नसेल तर भांगापासून बाहेरच्या दिशेने, आधी गडद पुंजके आणि मग थोड्याच सुट्या बटा, अशा क्रमाने केस काढतात. एकेक केस सुरुवातीपासून काढत बसल्यास डोक्यावर काथ्या चिकटवल्यासारखा दिसतो.

बिघडलेले काम कडेवरून ओळखता येते. कपाळाजवळ केस विरळ होत कातडीत मिसळायला हवेत. तेथे सरळ, धारदार रेष असेल तर टोपीच्या जागी हेल्मेट चढवल्याचा भास होतो. Clone Stamp वापरून एकच पुंजका दोनदा उमटला की तो पटकन डोळ्यात भरतो. जुन्या फोटोत सर्वत्र दाणेदारपणा असताना नवे केस गुळगुळीत राहिले, तर सर्वांत शेवटी तिथे तेवढाच दाणा घालावा लागतो. चित्र आडवे उलटे करून पाहिले की डोक्याचा वाकडेपणाही लक्षात येतो.

टक्कल मात्र यातील कोणत्याही मापाने कळत नाही. कल्ले दाट असूनही टाळू रिकामी असू शकते आणि कपाळाच्या कोपऱ्यांतून केस किती मागे हटले होते हे टोपी पूर्ण झाकते. अशा वेळी माणसाला पाहिलेल्या नातेवाइकांना विचारावे लागते, आणि दोन मुलांची आठवण जुळत नसेल तर दोन्ही रूपे वेगळ्या लेयरवर करून दाखवतात. याच कारणाने असे चित्र ओळख पटवण्यासाठी पुरावा म्हणून धरता येत नाही, आणि टोपीसह असलेला मूळ स्कॅन त्याच्याबरोबर जपून ठेवतात.