अष्ठीला ग्रंथीची वृद्धी

पुरुषांत मूत्राशयाच्या तोंडाखाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली अष्ठीला ग्रंथी उतारवयात वाढते, त्या अवस्थेला ही संज्ञा आहे. बोलीत ‘प्रोस्टेट वाढणे’ असे म्हणतात. तरुणपणी ग्रंथी साधारण २० ग्रॅमची असते. वाढ मुख्यतः मूत्रमार्गालगतच्या भागात होते, तर कर्करोग बहुधा बाहेरच्या भागात उद्भवतो. एकाचा दुसरा होत नाही, मात्र दोन्ही एकत्र असू शकतात.

मराठीतील संज्ञा आयुर्वेदातून घेतली आहे. अष्ठीला म्हणजे गोल दगड. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात (हा भाग मूळ संहितेला नंतर जोडला गेला, असे सामान्यतः मानतात) मूत्राघाताच्या, म्हणजे लघवी अडण्याच्या, बारा प्रकारांत ‘वाताष्ठीला’ येते : मलमार्ग व बस्ती म्हणजे मूत्राशय यांच्यामधली दगडासारखी घट्ट, अचल, उंचावलेली गाठ. चरकसंहितेत मात्र ती ‘चल’ म्हटली आहे. जागेच्या वर्णनावरून अनेक आधुनिक लेखक हिलाच प्रोस्टेटवृद्धी समजतात. त्याच प्रकरणातील ‘मूत्रग्रंथी’ ही बस्तीमुखाच्या आत असणारी, लहान, गोल, स्थिर व मूत्रमार्ग अडवणारी आहे. शरीररचनेच्या दृष्टीने हे वर्णन अधिक जुळते. तथापि ती एकाएकी होते व मुतखड्यासारखी दुखते, असेही तेथे सांगितले आहे आणि प्रोस्टेट तर वर्षानुवर्षे, न दुखता वाढते. त्यामुळे प्राचीनांना हा विकार स्वतंत्रपणे ठाऊक होता, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे ठरेल. संज्ञा रूढ झाली आहे, एवढेच.

धार बारीक होणे, सुरू व्हायला ताटकळावे लागणे, शेवटी थेंब थेंब गळणे, रात्री वारंवार उठावे लागणे ही लक्षणे परिचित आहेत. ग्रंथीचा आकार व त्रास यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. ३० ग्रॅमची ग्रंथी धार अडवू शकते आणि ८० ग्रॅमची कधी कधी फारसा त्रास देत नाही.

धारेचा वेग युरोफ्लोमेट्रीने मोजतात. रुग्ण यंत्राला जोडलेल्या भांड्यात लघवी करतो व यंत्र आलेख काढते. सर्वाधिक वेग सेकंदाला १० मिलि.पेक्षा कमी असल्यास अडथळ्याची शक्यता बरीच असते. किमान १५० मिलि. लघवी झाली नसेल, तर आकडा विश्वसनीय नसतो. मूत्राशयाचा स्नायू थकला असला तरी धार मंदच येते, आणि दीर्घकाळच्या मधुमेहात हे विशेष दिसते. हा फरक साध्या आलेखावरून कळत नाही. त्यासाठी मूत्राशयातील दाब मोजावा लागतो. दाब जास्त व धार कमी असल्यास अडथळा, दोन्ही कमी असल्यास स्नायूची दुर्बलता. दुसऱ्या स्थितीत शस्त्रक्रियेने अपेक्षित गुण येण्याची शक्यता कमी असते. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार, मूत्राशयात उरलेली लघवी व मूत्रपिंडांची सूज पाहतात.

औषधे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन यांसारखी औषधे मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. काही दिवसांत धार सुधारते, पण ग्रंथी तेवढीच राहते. उभे राहताना चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी ही गोळी घेत असल्याचे, किंवा पूर्वी घेतल्याचेही, नेत्रतज्ज्ञाला सांगावे लागते, कारण बाहुलीभोवतालचा पडदा शिथिल होऊन अडचण येते. फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड ही ग्रंथी लहान करतात. त्यांना सुमारे सहा महिने लागतात व ती मोठ्या ग्रंथीतच उपयोगी पडतात.

या दुसऱ्या प्रकारात एक गोम आहे. समजा, ६८ वर्षांच्या गृहस्थांची ग्रंथी ५८ ग्रॅम आहे आणि पीएसए, म्हणजे ग्रंथीतून रक्तात येणारे व कर्करोगात वाढू शकणारे प्रथिन, २.८ आहे. ड्युटास्टेराइडने सहा महिन्यांनंतर पीएसए जवळपास निम्मे, म्हणजे १.४ च्या आसपास, यायला हवे. अहवालात २.६ आले, तर मूळ आकड्यापेक्षा कमी म्हणून घरचे निश्चिंत होतात. वस्तुतः ते दुप्पट करून ५.२ असे वाचायचे असते. गोळ्या नेमाने घेतल्या होत्या की नाही हे आधी विचारतात. घेतल्या असतील, तर कर्करोगाची तपासणी करतात.

लघवी पुन्हा पुन्हा तुंबणे, मूत्राशयात खडे, वारंवार जंतुसंसर्ग, न थांबणारा रक्तस्राव किंवा मूत्रपिंडांना इजा झाल्यास शस्त्रक्रियेकडे वळतात. औषधांनी भागत नसेल तरीही. एकदा तुंबले म्हणून लगेच शस्त्रक्रिया करावी लागतेच असे नाही. सर्दीच्या गोळ्यांनीही लघवी अडते. अशा वेळी नळी घालून, टॅमसुलोसिन सुरू करून, दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहतात.

पोटावरून ग्रंथी काढण्याची पद्धत भारतीय वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले पीटर फ्रेयर यांनी १९०० नंतर लंडनमध्ये प्रसिद्धीस आणली. न्यूयॉर्कचे यूजीन फुलर यांनी ती आधीच केली होती, यावरून वाद झाला. अग्रक्रम फुलर यांचाच दिसतो. आता बहुधा मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथी खरवडतात, फार मोठी असल्यास लेसरने सोलून काढतात. यानंतर बऱ्याच जणांत वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. बाहेरचे कवच मागे राहत असल्याने कर्करोगाची शक्यता उरतेच.