तंबू खाणारी बुरशी आणि मऊ जाकीट

डक या जाड सुती कॅनव्हासचं कोरं जाकीट खुर्चीच्या पाठीवर टाकलं तर ते धड पडतसुद्धा नाही. बाह्या कोपरातून वाकलेल्या तशाच हवेत राहतात. तितक्याच वजनाच्या कापडाचं ‘वॉश्ड डक’ जाकीट मात्र पहिल्या दिवसापासून अंगासरशी बसतं. फरक धुलाईचा आहे, एवढं लेबलावरून कळतं. ती धुलाई आली कुठून, हे शोधत गेलं की आपण एका कुजलेल्या तंबूपाशी पोहोचतो.

आधी नावाचं. या डकचा बदकाशी काही संबंध नाही. डच भाषेत ‘डूक’ म्हणजे कापड, आणि शिडाच्या जाड लिननलाही तोच शब्द. कॅनव्हास हा शब्द लॅटिन ‘कॅनाबिस’पासून आला, कारण पूर्वी हे कापड भांगेच्या झाडाच्या तंतूंचं असे. कापूस या धंद्यात उशिरा, एकोणिसाव्या शतकात शिरला, तोही मुख्यतः अमेरिकेतून. १८५१ साली ‘अमेरिका’ नावाच्या यॉटने इंग्लंडच्या किनाऱ्यावरची शर्यत जिंकली तेव्हा तिच्यावर यंत्रावर विणलेली सुती शिडं होती, सपाट आणि ताठ. इंग्रज नौकांची लिननची शिडं वाऱ्यात पोट काढत, म्हणून त्यांच्यावर पाणी मारायची रीत होती.

पाणी मारल्याने काय होतं? ओला तंतू जाडीत फुगतो, लांबीत जवळजवळ नाही. विणीतली भोकं बुजतात आणि वारा आरपार जाणं कमी होतं. डकची सगळी करामत या फुगण्यात आहे. वीण साधीच, एक धागा वर, एक खाली. पण धागे पीळ देऊन दुहेरी किंवा त्याहून जाड केलेले, आणि उभे धागे इतके दाटीने बसवलेले की मध्ये जागाच उरत नाही. पावसात तंबूचं सुती कापड स्वतःच फुगून बऱ्यापैकी बंद होतं. मात्र फुगलेल्या आडव्या धाग्याला वळसा घालायला उभ्या धाग्याला जास्त लांबी लागते, ती कापडातूनच येते, आणि कापड आटतं. न धुतलेला कॅनव्हास पहिल्या धुण्यात मीटरमागे पाच-सात सेंटीमीटर सहज आखडतो. जाकीट घेताना बाहीची लांबी बघण्याआधी कापड आधी धुतलेलं आहे का, हे विचारावं ते यासाठी.

जाडी सांगायची अमेरिकी पद्धत मजेशीर आहे. १९ मधून डकचा नंबर वजा करायचा. उत्तर येईल तितके औंस ३६ बाय २२ इंचाच्या तुकड्याचं वजन. म्हणजे १० नंबरचा डक ९ औंसांचा, चौरस मीटरला साधारण ५०० ग्रॅम. नंबर जितका लहान, तितकं कापड जड. शिडांचं आणि तंबूंचं हे कापड माणसांच्या अंगावर आलं ते तंबू शिवणाऱ्यांच्याच हातून. तांब्याचे रिव्हेट मारलेल्या पँटसाठी १८७३ मध्ये पेटंट मिळवणारा जेकब डेव्हिस हा शिंपी त्याआधी डकचेच तंबू, घोड्यांच्या झुली आणि गाड्यांची आच्छादनं शिवत होता.

कापडाचा ताठपणा मात्र फक्त विणीचा नसतो. मागावर घासून तुटू नयेत म्हणून उभ्या धाग्यांना खळ लावतात, आणि ती बहुधा स्टार्चची असते. कोऱ्या डकमध्ये ती तशीच राहिलेली असते. ओल लागली की बुरशी आधी या खळीवर ताव मारते, मग सेल्युलोजवर, म्हणजे खुद्द कापसावर. कोरं, कडक, ‘मजबूत’ वाटणारं कापडच ओलीत आधी काळवंडतं ते म्हणून. खलाशांना हे कारण ठाऊक नव्हतं, उपाय ठाऊक होते: कोणी शिडं काताच्या पाण्यात उकळत, कोणी जवसाचं तेल चोळत. पुढे तांब्याच्या अमोनियायुक्त द्रावणातून काढलेला हिरवट कॅनव्हास आला. तांबं बुरशीला विषारी, म्हणून तो टिकायचा.

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकच्या दमट बेटांवर हे सगळं अपुरं पडलं. अमेरिकी सैन्याचे तंबू, पट्टे, पिशव्या सडू लागल्या. लष्कराच्या क्वार्टरमास्टर विभागाने सडलेल्या वस्तूंवरच्या बुरशा गोळा करून त्यांना क्रमांक दिले. सॉलोमन बेटांच्या साखळीतल्या बूगनव्हिल बेटावरच्या सुती कॅनव्हासवरून घेतलेल्या एका बुरशीला मिळाला QM6a. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी नंतर दाखवून दिलं की ही बुरशी सेल्युलोज विरघळवणारी एन्झाइम्स, म्हणजे सेल्युलेज, भरपूर बाहेर सोडते. १९७७ मध्ये तिला रीसच्या नावावरून ‘ट्रायकोडर्मा रीसाय’ म्हणू लागले. शत्रू म्हणून पकडलेली बुरशी मग कामाला लागली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जीन्स दगडांनी घासण्याऐवजी तिच्या सेल्युलेजमध्ये फिरवायला सुरुवात झाली, आणि डक मऊ करायलाही तीच युक्ती चालते. साधारण ५० अंशाच्या, किंचित आम्ल पाण्यात एन्झाइम धाग्यांचा वरचा थर कुरतडतं. हवा तितका मऊपणा आला की पाणी तापवून किंवा अल्कधर्मी करून ते बंद पाडतात. बंद करायला उशीर झाला तर कापडाची ताकद जाते. तंबूत जे घडत होतं, तेच हे, फक्त वेळेवर थांबवलेलं.

आपल्या कपाटात थांबवणारं कोणी नसतं. माझी एक जाड डकची बॅग धुऊन, वरून कोरडी लागली म्हणून घडी करून ठेवली होती. दोन आठवड्यांनी कोंदट वास आला. तळाच्या शिवणीलगत मोहरीएवढे काळे ठिपके, बाकी बॅग स्वच्छ. शिवणीत कापड दुमडून चार-सहा थर होतात, आणि पाणी तिथेच मुरून राहतं. आधी ती उन्हात वाळवून घराबाहेर ब्रशने झाडली, म्हणजे बीजाणू घरात पसरू नयेत. मग ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून कापड जोरात ताणलं. धागे तटतट तुटले असते तर सेल्युलोजच खाल्लं गेलं असं समजायचं, मग धुण्यात अर्थ नाही. तुटले नाहीत. कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, विरघळवून चार तास भिजवलं. वास गेला, ठिपके काळ्याचे राखाडी झाले, पूर्ण गेले नाहीत. बुरशीचा रंग तंतूत उतरलेला असतो. क्लोरीनचं ब्लीच त्यांना कदाचित पांढरं करतं, पण कापूस कमजोर करतं, तेव्हा मी राखाडी पत्करलं. रंगीत कापडावर परकार्बोनेटही आधी आतल्या कोपऱ्यात लावून बघावं.

मेण लावलेल्या कॅनव्हासला यातलं काहीच चालत नाही. त्याला फक्त थंड पाणी आणि स्पंज. साबणाने आणि गरम पाण्याने मेणच निघतं. शिवाय मेण पाणी बाहेर ठेवतं तसं आत शिरलेलंही अडवतं, त्यामुळे तो वाळायला जास्त वेळ घेतो.

आता बॅग उलटी, तळ वर आणि तोंड उघडं ठेवून टांगतो, आणि आत ठेवण्यापूर्वी तळाची शिवण मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघतो. बाजूच्या कापडापेक्षा ती गार लागली तर ओल आहे. आणखी एक दिवस बाहेर.