रेघांची खतावणी आम्ही कशी वाचतो
(स्कॅन केलेल्या पीडीएफ पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी)

अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर असताना आधी रेघा कशाला शोधायच्या, असे बरेच ग्राहक विचारतात. खतावणीत रिकाम्या रकान्यालाही अर्थ असतो, हे त्याचे कारण. समजा, एका ओळीत नावे रकाना कोरा आहे, जमेत १,५०० रुपये आहेत आणि शिल्लक ९,७००.५० आहे. पान सरसकट वाचले तर हाती नुसते दोन आकडे येतात. १,५०० नावे की जमा, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून आम्ही आधी चौकट उभी करतो. सर्वप्रथम पान सरळ करून घेतो, कारण तीन पिक्सेल जाडीची रेघ एक अंशाने कलली तरी सलग आडवी अशी जेमतेम पावणेदोनशे पिक्सेलच उरते. मग लांब आडवे आणि उभे काळे पट्टे वेगळे काढतो. ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे घराचे कोपरे.

मराठी खतावणीत खरी अडचण येते ती शिरोरेषेची. तीही आडवी, काळी आणि सलग. 'किती लांब पट्टा म्हणजे रेघ' ही मर्यादा कमी ठेवली, तर तपशिलातल्या लांब शब्दाची शिरोरेषा तक्त्याची रेघ ठरते. मग एका घराची दोन घरे होतात आणि मात्रा वरच्या घरात जातात. छापील ओळींपेक्षा जास्त ओळी निघाल्या, की हेच झाले असे समजायचे. ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये एक इंच म्हणजे ३०० पिक्सेल. छापील शब्द सहसा दोन इंच लांब नसतो, म्हणून आम्ही ६०० पिक्सेलपासून सुरुवात करतो.

दुसरी अडचण रुपये-पैशांमधल्या बारीक उभ्या रेघेची. ती पुसट असून निसटली, तर १,५०० रुपये ०० पैसे यांचे १,५०,००० होतात.

घरे ठरली की रेघा पुसून प्रत्येक घर थोडे आतून कापतो, नाहीतर उरलेला रेघेचा तुकडा आकड्याला चिकटतो. रकमेच्या घरात फक्त अंक शोधले जातात, तपशिलात मराठी मजकूर. शेवटी मागची शिल्लक अधिक जमा वजा नावे, हा हिशेब ओळीओळीने लावतो. वरच्या उदाहरणात मागची शिल्लक ८,२००.५० असेल, तर १,५०० जमेतच बसतात. ते नावे पडले तर ६,७००.५० यायला हवेत, आणि ती ओळ लाल होऊन आमच्या माणसाकडे जाते. तारीख किंवा नाव चुकले तर मात्र हा हिशेब ते पकडत नाही, म्हणून ते रकाने आम्ही डोळ्यांनी तपासतो. हाताने लिहिलेली पाने या पद्धतीने वाचत नाही. ती टंकलिखित करून देतो आणि त्याचा दर वेगळा आहे.

आपल्याकडून एवढेच हवे: ३०० डीपीआय, ग्रेस्केल, आणि बांधणीजवळ पान दाबून सपाट. तिथे पान वळले की रेघही वाकते, आणि वाकलेली रेघ पान फिरवून सरळ होत नाही.